एप्रिलचा ढीग ४३ अंशांवर का अडतो? खताच्या ढिगातल्या जिवाणूंच्या पाळ्या

प्रश्न: सोलापुरात सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही आठ घरं मिळून खताचा ढीग लावतो. जानेवारीतला ढीग पाचव्या दिवशी ६० अंशांवर गेला होता. एप्रिलमध्ये तसाच लावला : ८० किलो ओला कचरा (त्यात कलिंगड-आंब्याची सालं बरीच), २५ किलो कडुनिंबाचा वाळका पाला, २० किलो ताजं शेण. तीन बाय तीन फूट, उंची अडीच फूट. दुसऱ्या दिवशी ४३ झाला आणि आठवडा झाला तरी तिथेच आहे. आंबट वास येतो, चिलटं झालीत. गूळ-ताकाचं पाणी दोनदा घातलं. उन्हाळ्यात तर जास्त तापायला हवा ना? कल्चर पावडर आणू का?

उत्तर:

पावडर आणू नका आणि गूळ-ताक आजपासून बंद करा. तुमच्या ढिगात जिवाणू कमी नाहीत. पहिल्या पाळीचे कामगार उष्णतेने गारद झालेत आणि दुसऱ्या पाळीच्या कामगारांना आंबटपणामुळे आत येता येत नाही, अशी ही कोंडी आहे. गिरणीचा भोंगा वाजला, एक पाळी सुटली आणि दुसरी फाटकाबाहेरच उभी राहिली, तर यंत्रमाग बंद पडतात. तसंच काहीसं झालंय. उन्हाळ्यात ही कोंडी जास्त होते, कारण आपल्याकडची एप्रिल-मेमधली दुपारची हवाच ४० ते ४३ अंशांची असते आणि जिवाणूंची पाळी बदलते तीही नेमकी याच तापमानाला.

आधी त्या ४३ च्या आकड्याबद्दल. तो तुम्ही दुपारी घेतला असेल तर त्यावरून फारसं काही कळत नाही. बाहेर ४२ असताना आत ४३ म्हणजे ढिगाने स्वतःची उष्णता जवळपास तयार केलेलीच नाही, फक्त उन्हाची साठवली आहे. आकडा रोज सकाळी सहा-साडेसहाला घ्या. लांब दांड्याचा डायलचा थर्मामीटर असेल तर उत्तम, दांडा निदान दीड फूट हवा. एक माप ढिगाच्या पोटात, एक बाजूने वीतभर आत आणि एक सावलीतल्या हवेचं, अशी तीन लिहून ठेवा. पहाटे हवा २६ आणि पोटात ४१ असेल तर आत थोडंफार काम चालू आहे. पोटात ३२-३३ असेल तर काम थांबलंय आणि दिवसाचा आकडा सूर्याचा होता.

आता पाळ्यांचा क्रम. ढीग लावला त्या घडीला कचऱ्यावर, पाल्यावर, शेणात सगळे प्रकार हजर असतात. नंतर कोणी बाहेरून येत नाही, फक्त कोणाची संख्या कधी वाढते ते बदलतं. पहिल्या दिवशी वाढतात ते २० ते ४० अंशांत रमणारे, ज्यांना मेसोफिलिक म्हणतात ते जिवाणू आणि काही बुरश्या. त्यांना लागतं सोपं खाद्य : साखर, स्टार्च, मऊ प्रथिनं. हे खाद्य ते झपाट्याने संपवतात, श्वसनातून उष्णता बाहेर पडते आणि ढीग दोन-तीन दिवसांत ४० ओलांडतो. म्हणजे स्वतःच्याच कामाने ते स्वतःला न सोसणारी जागा तयार करतात. ४० ते ४५ दरम्यान त्यांची वाढ मंदावते, पुढे बरेचसे मरतात आणि काही बीजाणू होऊन पडून राहतात.

दुसरी पाळी थर्मोफिलिक, म्हणजे उष्णताप्रिय जिवाणूंची. यांची भरभर वाढ ४५ च्या पुढे सुरू होते आणि ५५ च्या आसपास ऐन भरात येते. बॅसिलस आणि जिओबॅसिलस कुळातले जिवाणू यात पुढे असतात, कारण त्यांचे बीजाणू शेणात, मातीत, जुन्या खतात सगळीकडे पडलेले असतात आणि उष्णता ही त्यांना उगवायची खूणच असते. त्यामुळे निरोगी ढिगातही ४० ते ४५ दरम्यान काही तास, कधी दिवसभर, पारा थबकतो. एक पाळी कमी झालेली आणि दुसरी अजून वाढायची, असा तो काळ असतो. इतक्यावर घाबरायचं कारण नाही. दोन दिवसांपेक्षा जास्त थबकला तर मात्र कारण शोधायचं. तुमचा आठवडा झाला आहे.

कारण बहुतेक वेळा आम्ल असतं. साखर भरपूर आणि हवा कमी असली की पहिल्या पाळीचे जिवाणू साखर पूर्ण जाळत नाहीत, अर्धवट मोडून तिचं लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल करून ठेवतात. दही लागतं तेही अशाच जिवाणूंमुळे. ढिगाचा सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचा pH, ५ किंवा त्याखालीही जातो; हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. ही पायरी प्रत्येक ढिगात येते आणि ती वाईट नाही, कारण हवा मिळाली तर मेसोफिलिक जिवाणूच पुढच्या दिवशी हे आम्ल खाऊन टाकतात. मग प्रथिनांतून अमोनिया सुटायला लागतो, सामू ७ च्या वर, कधी ८ च्या पुढेही जातो आणि वाट मोकळी होते. पण आम्ल खाण्याचं हे काम त्यांना जमतं ते ३५ ते ३८ अंशांपर्यंत. आंबट ढीग त्याआधीच ४२-४३ वर गेला तर आम्ल खाणारे संपतात. आणि उष्णताप्रिय जिवाणू ५ च्या सामूला वाढत नाहीत. नुसतं आम्ल चालतं, नुसती उष्णता चालते, पण दोन्ही एकत्र आली की कोणाचीच वाढ होत नाही. तुमचा ढीग याच ठिकाणी बसला आहे.

जानेवारीत हे का झालं नाही तेही यातून उलगडतं. पहाटे १५-१६ अंश असताना ढीग हळूहळू चढला, ३० ते ३८ च्या टप्प्यात त्याला दीड-दोन दिवस मिळाले आणि आम्ल तेवढ्यात खाऊन झालं. शिवाय गड्डा जत्रेच्या दिवसांतला ओला कचरा म्हणजे पालेभाजीची देठं, वालाच्या-वाटाण्याच्या शेंगांची सालं. त्यात साखर कमी. एप्रिलचा कचरा म्हणजे कलिंगडाची सालं आणि आंब्याच्या कोयी, नुसती साखर आणि पाणी. तुम्ही “तसाच” ढीग लावला असं लिहिलंय, पण वजनं सारखी असली तरी माल तोच नव्हता.

त्यात भर पडली पाण्याची. तुमच्या आकड्यांवरून हिशोब करून बघू. फळांची सालं जास्त असलेल्या ओल्या कचऱ्यात साधारण ८५ टक्के पाणी धरा : ८० किलोत ६८ किलो पाणी. वाळक्या पाल्यात १० टक्के : २५ किलोत अडीच. ताज्या शेणात ८० टक्के : २० किलोत १६. एकूण १२५ किलोच्या ढिगात साडेशहाऐंशी किलो पाणी, म्हणजे ६९ टक्के ओल. ढिगाला ५५ ते ६० लागते. ६५ च्या वर गेलं की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवेला वाट राहत नाही आणि साखरेचं आम्ल होतं. वर तुम्ही गूळ आणि ताक घातलंत, म्हणजे आम्ल करणाऱ्यांना आणखी साखर आणि तयार लॅक्टिक आम्ल दिलंत. कोरड्या, नुसत्या पाल्याच्या ढिगाला गुळाच्या पाण्याने थोडी चालना मिळते हे खरं, पण आंबलेल्या ढिगाला ते उलटंच पडतं.

ओल ६० वर आणायला किती कोरडा माल लागेल? १० टक्के ओलीचा माल घातला तर गणित २३ किलोवर येतं. गूळ-ताकाच्या पाण्यासाठी दोन-तीन किलो वाढवून २५ धरा. पण सगळा पाला घालू नका, पाला ओला झाला की पापडासारखा एकावर एक चिकटतो आणि हवा अडवतो. निम्मा माल तरी ताठ हवा : बोटभर ते वीतभर तुकडे केलेल्या तुरकाट्या, कडब्याची ताटं, उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं. सोलापुरात शेंगाचटणीवाल्यांमुळे टरफलांना तोटा नाही, आणि ती बरेच दिवस आकार धरून राहतात म्हणून हवेसाठी फार उपयोगी. लाकडाचा भुसा मात्र शेवटचा पर्याय ठेवा, तो बारीक असल्याने पाणी पितो पण पोकळी ठेवत नाही.

आता दुरुस्ती. काम संध्याकाळी सूर्य उतरल्यावर करा, त्यामागे कारण आहे. ढीग पूर्ण मोडून सावलीच्या जागी फूटभर जाडीचा थर पसरा, गोळे फोडा आणि आणलेला कोरडा माल फावड्याने नीट मिसळा. एप्रिलची हवा कोरडी असते, त्यामुळे ओल्या मालातून पाणी उडतं आणि माल हवेपेक्षाही गार होतो, अगदी कूलरच्या वाळ्यासारखा. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात साधारण सात लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत आलं असतं. म्हणून रात्रभर पसरलेला माल पहाटेपर्यंत सहज ३० च्या खाली येतो, जास्तीची ओल कमी होते आणि आंबट वासाचा बराचसा भाग उडून जातो. सकाळी लगेच ढीग रचायची घाई करू नका. दिवसभर तो सावलीत, वर ओलसर गोणपाट टाकून तसाच ठेवा आणि दुपारी एकदा उलटा. मध्यम तापमानाच्या जिवाणूंना उरलेलं आम्ल खायला हे २४ ते ३६ तास मिळाले पाहिजेत.

ढीग रचायची वेळ वासावरून कळते. शिर्क्यासारखा झोंबणारा वास जाऊन ओल्या पाल्यासारखा वास आला की रचा. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून सामू मोजायच्या पट्ट्या आणा. चमचाभर माल पाच चमचे डिस्टिल्ड पाण्यात ढवळून दहा मिनिटांनी पट्टी बुडवा. ६ च्या खाली असेल तर आणखी एक दिवस थांबा, साडेसहाच्या पुढे असेल तर हरकत नाही. नळाचं पाणी यासाठी नको, आपल्याकडचं पाणी जड, त्याने आकडा वर दिसतो.

राख घालावी का, असं बरेच जण विचारतात. चुलीची चाळलेली लाकडाची राख आम्ल मारते आणि या कोंडीत ती खरंच कामाची आहे, पण तुमच्या ढिगाला एक ते दीड किलो पुरे, तीही मालात मिसळून. विरीचा चुना नको. सामू एकदम वर गेला की शेणातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, आणि सोलापूरची काळी जमीन आधीच चुनखडीची आणि अल्कधर्मी आहे, तिला आणखी चुना देऊन उपयोग नाही. जुन्या तयार खताची एक घमेली घातली तर ती आम्ल थोडं शोषते आणि सोबत उष्णताप्रिय जिवाणूंचे बीजाणूही देते. पावडरच्या पुडीत याहून वेगळं काही नसतं.

पुन्हा रचताना तळाला वीतभर आडव्या-उभ्या तुरकाट्यांचा थर द्या म्हणजे खालून हवा येईल. आता मालाचा आकार घनमीटरच्या जवळ जाईल : साडेतीन बाय साडेतीन फूट पाया आणि तीन फूट उंची ठेवा. याहून लहान ढिगाला थंडीत उष्णता धरता येत नाही. उन्हाळ्यात उष्णतेची अडचण नसते, पण लहान ढीग बाहेरून आतपर्यंत वाळतो. बाजूने जाळीच्या विटा असतील तर पश्चिमेच्या अंगाला गोणपाट लावा. वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, ओलं गोणपाट आणि त्यावर सावलीची जाळी एवढं बस.

यानंतर पारा असा चालायला हवा. रचल्यावर दुसऱ्या सकाळी पोटात ३५ ते ३८. त्याच्या पुढच्या सकाळी ४५ ते ५०, आणि या वेळी वास बदलून किंचित अमोनियाचा येईल, गोठ्यासारखा. त्याचा अर्थ सामू वर गेला आणि दुसरी पाळी आत आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ५५ ते ६०. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई पोटात दहा मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरून ठेवता आली पण ऊबदार लागली तर ४० च्या आसपास. धरताच सोडून द्यावी लागली तर ५५ च्या पुढे. पारा पुन्हा ४३ लाच दोन दिवसांहून जास्त अडला आणि आंबट वास परतला, तर ओल अजून जास्त आहे किंवा तळात हवा नाही. परत मोडा, पण या वेळी पाला न घालता फक्त ताठ माल घाला.

माथ्यावरचा काळ म्हणजे ५० ते ६५ अंशांचा, साधारण दोन ते तीन आठवडे. इथे सेल्युलोजचा आणि चरबीचा सोपा भाग मोडतो. ५५ च्या वर सलग तीन दिवस राहिलेल्या भागात रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या उरत नाहीत. बहुतेक तणांचं बी मरायला ६० च्या आसपासचं तापमान लागतं. पण हे फक्त पोटाबद्दल खरं आहे. कडेचा वीतभर थर कधीच तेवढा तापत नाही, म्हणून उलथताना कडेचा माल मध्ये आणि मधला कडेला यायला हवा. नुसतं जागच्या जागी खालीवर केलं तर कडेचं गाजरगवताचं बी तसंच राहतं.

जास्त तापलेला ढीग चांगला, असाही एक समज आहे. ५५ ते ६० ला काम सर्वांत वेगाने होतं. ६५ च्या पुढे बुरश्या आणि बहुतेक ॲक्टिनोमायसीट्स, म्हणजे बुरशीसारखे धागे करणारे जिवाणू, बाद होतात, बीजाणू करणारे मोजके जिवाणू उरतात आणि ७० ला काम जवळपास ठप्प होतं. मग पारा एकदम कोसळतो आणि वर यायला दिवस लागतात, कारण पुन्हा वाढायला कामगारच कमी उरलेले असतात. तुमच्या आकाराच्या ढिगात हे सहसा होत नाही, पण शेण जास्त आणि उन्हाचा मारा असेल तर होऊ शकतं. म्हणून नियम सोपा ठेवा : सकाळचा आकडा ६५ ला पोचला किंवा माथ्यावरून घसरून ५० च्या खाली आला, दोहोंपैकी जे आधी होईल तेव्हा उलथा. उलथल्यावर पारा ४० पर्यंत पडतो आणि एका दिवसात परत ५५ ला जातो. हा परत चढणारा पारा म्हणजे खाद्य अजून शिल्लक आहे.

आता उताराकडे. इथे सोलापुरात सर्वांत जास्त फसगत होते. पारा खाली आला, वास नाही, माल करडा आणि भुसभुशीत दिसतो, म्हणून लोक खत झालं असं समजून कुंड्यांत भरतात. पण पारा तीन कारणांनी उतरतो : खाद्य संपलं, हवा संपली किंवा पाणी संपलं. हवा संपली तर कुजकट वास येतो, तो लपत नाही. पाणी संपलं तर काहीच वास येत नाही, आणि तेच तयार खतासारखं वाटतं. तापलेला ढीग आणि कोरडी हवा मिळून रोज किती पाणी उडतं हे वरच्या कूलरच्या हिशोबावरून कळेल. ओल ४० टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणू मंदावतात, ३० ला जवळजवळ थांबतात. ते मेलेले नसतात, पाण्याची पातळ पापुद्री नसल्याने त्यांना खाता येत नाही एवढंच.

तपासणी मुठीची. ढिगाच्या हातभर आतून मूठभर माल घेऊन जोराने आवळा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ५५-६० टक्के. थेंब नाही पण मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर ४५-५०. गोळा लगेच फुटला तर ४० च्या खाली, पाणी हवंच. धार लागली तर जास्त.

तुमच्याच ढिगाचं उदाहरण पुढे नेऊ. सुरुवातीला जादा मालासकट सुमारे ६० किलो सुका भाग होता. तीन आठवड्यांत त्यातला पाव भाग जळून गेला असं धरलं तर ४५ किलो उरला. ओल ३५ टक्क्यांवर आली असेल तर ढिगाचं वजन सुमारे ६९ किलो आणि त्यात पाणी २४. ५५ टक्के करायला पाणी ५५ किलो हवं, म्हणजे ३१ लिटर घालावं लागेल. दोन मोठ्या बादल्या. लोक एक तांब्या शिंपडतात आणि वरचा थर ओला दिसला की समाधान मानतात. वाळलेला माल पाणी लगेच घेत नाही, वरून ओतलेलं पाणी एखाद्या भेगेतून खाली निघून जातं. म्हणून ढीग उलथताना थराथराला झारीने घाला, तासभर थांबा, मग उरलेलं घाला. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी आठही घरांनी पिंपात साठवलं तरी हे भागतं. साबणाचं आणि मिठाचं पाणी मात्र नको.

पाणी घालून उलथल्यावर दोन दिवसांत पारा हवेपेक्षा १५-२० अंशांनी वर गेला, तर तो उतार खोटा होता. ओल आणि हवा दोन्ही नीट असूनही पहाटेचा आकडा ४० च्या वर जात नसेल तर तो खरा. साधारण तीन-चार उलथण्यांनंतर, दर वेळचा माथा आधीपेक्षा खाली येत येत, असं होतं.

खऱ्या उतारावर तिसरी पाळी येते. ही मंडळीही मेसोफिलिकच, पण पहिल्या दिवशीची नव्हेत. साखर आता उरलेली नाही, उरलंय ते काडीतलं सेल्युलोज आणि लिग्निन. ते मोडायला बुरश्या आणि ॲक्टिनोमायसीट्स लागतात. माथ्यावर पोटातून हद्दपार झालेल्या बुरश्या कडेच्या गार थरात टिकून असतात आणि पोट निवलं की धाग्याधाग्याने आत शिरतात. ॲक्टिनोमायसीट्स त्याआधीच, ४५ ते ५५ च्या पट्ट्यात, वीतभर खोलीवर राखेसारखा पांढुरका थर करतात. तो बघून लोक बुरशी लागली म्हणून माल फेकतात. फेकू नका. पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा वास हेच जीव देतात, खताला तो वास यांच्यामुळेच येतो. हा थर खूप जाड आणि कोरडा दिसला तर मात्र पाणी कमी पडलंय असं समजा. उलथताना तोंडाला मास्क लावा, कारण त्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. दमा असलेल्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

याच थंड टप्प्यात नत्राचंही रूप बदलतं. गरम ढिगात ते अमोनियाच्या रूपात असतं. त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू उष्णता सोसत नाहीत, ढीग ४० च्या खाली उतरल्यावरच ते कामाला लागतात. म्हणून माथ्यावरून नुकतंच उतरलेलं, काळंभोर दिसणारं खत कुंडीत घातलं की रोपाची पानं कडेने जळतात. निदान सहा ते आठ आठवडे माल मुरू द्या. या काळात उलथायची गरज नाही, उलथलं तर बुरशीचे धागे तुटतात. ओल ४५-५० टक्के राखा आणि सावली द्या. एप्रिलच्या शेवटी दुरुस्त केलेला ढीग असा जुलै-ऑगस्टमध्ये हाती येईल. तोवर पाऊस सुरू झालेला असेल, तेव्हा वर पत्रा किंवा ताडपत्री उतरती टाका, पण बाजू मोकळ्या ठेवा.

वापरण्याआधी मूठभर खत ओलसर करून पिशवीत हवाबंद करा आणि तीन दिवस घरात ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर आणखी पंधरा दिवस मुरू द्या. मातीचा वास आला तर चाळा. चाळणीवर तुरकाट्यांचे आणि टरफलांचे अर्धवट तुकडे उरतील. ते पुढच्या ढिगाच्या मधल्या थरांत घाला : हवेला पोकळी मिळेल आणि त्यांवर बसलेले बीजाणू ४५ अंशांची वाट बघत तिथेच असतील. आणि पुढच्या वेळी कलिंगडाची सालं एकदम न घालता दिवसभर सावलीत सुकवून घाला, म्हणजे पहिल्या दिवशी ढिगाला ओझं कमी पडेल.